बाईंनी अडवलेलं 'म्हणून'

नागपूरच्या दैनिकात आमचे लेख तपासणाऱ्या बाईंची मला तेव्हा चीडच यायची. मी लिहिलं होतं, "उमरेडच्या बस कमी झाल्या, म्हणून मुलींनी कॉलेज सोडलं." बाईंनी 'म्हणून'भोवती गोल केला.

"आधी हे झालं, मग ते झालं, एवढंच तुले माहीत आहे. मग 'म्हणून' काहून लिहिलं गा?"

तणतणतच उमरेडला गेलो. कॉलेज सोडलेली एक मुलगी म्हणाली, "बस आहे नं, पण परतीची शेवटची बस कॉलेज सुटायच्या आधीच निघते."

कॉलेज सोडलेल्या बाकीच्या मुलींनीही हेच सांगितलं. मी तेच लिहिलं आणि पुढे जोडलं, "म्हणून मुली घरी बसल्या." हे 'म्हणून' बाईंनी राहू दिलं.

लेख छापून आल्यानंतर बसची वेळ बदलली. लेखामुळे बदलली, असं मी आजही म्हणत नाही. बाई, ही सवय मात्र तुमच्यामुळे.