दादामियाँची फाईल

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत इंटरनेट हे पाहुण्यासारखं आहे. येतं तेव्हा आनंद, जातं तेव्हा कुणी सांगून जात नाही. बिल्डरने जाहिरातीत 'हायस्पीड' लिहिलं होतं. लिहायला त्याचं काय जातं? प्रत्यक्षात केबलची वायर रस्त्यापलीकडच्या खांबावरून लोंबत येते आणि हंगामात उसाची उंच भरलेली ट्रॉली खालून गेली की तिला अडकून तुटते. मग मी केबलवाल्याला फोन करते आणि तो म्हणतो, "मॅडम, माणूस निघालाय." हा निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझ्या समोरच्या दारात दादामियाँ तांबोळी राहतात. साठी उलटलेली, एकटेच. तीसेक वर्षं ते सदाशिव पेठेतल्या एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करत होते. मंगलाष्टकं कुठे कापायची, मामाचा चेहरा किती वेळ ठेवायचा, रुसलेल्या आत्याबाईंना कुठे बसवायचं, सगळं तोंडपाठ. "इतकी लग्नं पाहिली ताई, की स्वतःचं राहूनच गेलं," असं ते हसून सांगतात. पहिल्यांदा मीही हसले होते. नंतर नाही हसवलं. स्टुडिओ बंद झाला, मालक गेले, बरोबरची माणसं पांगली. दादामियाँ मशीन घेऊन घरी आले. तेव्हापासून दिवसभर त्यांच्या दारातून दुसऱ्यांच्या लग्नातली सनई ऐकू येते.

मागच्या वर्षी संस्कृती नावाची एक मुलगी त्यांच्याकडे आली. रसवंती चालवणाऱ्या दोन बहिणींवर तिने सिनेमा काढला होता. खरा, दीड तासाचा. एडिटिंग दादामियाँनी केलं. आयुष्यातला पहिला सिनेमा. ते सहा महिने हा माणूस जिन्यात भेटला तरी गाणं गुणगुणत असायचा.

तो सिनेमा कोलकात्याच्या एका महोत्सवाला पाठवायचा होता. शेवटची मुदत रविवारी संध्याकाळी. संस्कृती दुसऱ्या कुणाच्या शूटिंगला हिमाचलात गेलेली, फोन लागला तर लागला. सिनेमाची अंतिम प्रत पोचवायचं काम दादामियाँवर आलं. फाईल दीडशे जीबीच्या आसपास. मोबाईलचा दिवसाचा डेटा त्यात चिमणीच्या घोटाएवढा.

"अहो, डिस्क घेऊन चांगली लाईन असलेल्या कुणाकडे तरी जा ना," मी म्हटलं.

"कुणाकडे जाऊ ताई?" त्यांनी अगदी सरळ विचारलं. माझ्याकडेही तीच वायर.

आधी त्यांनी साध्या वेबपेजवरून पाठवून पाहिलं. बराच वेळ गेला, लाईन तुटली आणि आकडा शून्यावर. पुन्हा तेच. मग महोत्सवाने दिलेलं वेगळं ॲप त्यांनी मशीनवर घातलं. ते मला दाखवायला बोलावलं, चहासकट.

"हे फाईलचे तुकडे करतं," ते म्हणाले. "एक तुकडा पाठवला की तिकडचं मशीन सांगतं, मिळाला. मगच पुढचा. लाईन गेली तर जाऊ दे. परत आली की हे आधी तिकडच्या मशीनला विचारतं, तुझ्याकडे कुठपर्यंत पोचलंय? ते सांगेल तिथून पुढे चालू. फार तर हातातला अर्धवट तुकडा वाया जातो."

"आणि सगळं पोचल्यावर?"

"दोन्हीकडे पूर्ण फाईलचा ठसा काढतात. जुळला तर फाईल जशीच्या तशी गेली."

मला ते फार आवडलं. तुटल्यावर कुणीतरी विचारतं की आपण कुठे होतो. माणसं एवढं विचारत नाहीत.

गुरुवारपासून ते चालू होतं. लाईन दिवसातून कितीदा तरी गेली, पण आकडा मागे आला नाही. शनिवारी दुपारी तो पाऊण हिश्शाच्या पुढे गेला आणि ट्रॉलीने वायरच ओढून नेली. केबलवाल्याचा माणूस निघाला.

थांबण्यावाचून इलाज नव्हता. मी म्हटलं, लावा तुमचा सिनेमा, मला कुठे दाखवलाय? त्यांनी खुर्ची पुसून दिली. सिनेमा छान होता. धाकटी बहीण रसवंतीची घुंगरं काढून ठेवते तिथे मी पदर डोळ्याला लावला. शेवटी नावं आली. बहिणी, कॅमेरा, आवाज, गावातला ट्रॅक्टरवाला, सेटवर चहा देणाऱ्या रुपालीचंसुद्धा नाव.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

दादामियाँनी नावं मागे नेली. पुन्हा लावली. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

नावं त्यांनीच टाकली होती. संस्कृती म्हणाली होती, काका, तुम्हाला सगळे माहीत आहेत, तुम्हीच करा. लग्नाच्या व्हिडिओत शेवटी स्टुडिओचं नाव येतं, एडिटरचं येत नाही. तीस वर्षांत त्या हाताने हजारो नावं लिहिली, स्वतःचं एकदाही नाही. इथेही लिहिलं नाही. सवयीने.

"मग आता घाला!" मी जवळजवळ ओरडलेच. ते लाजले. पण घातलं. 'संकलन – दादामियाँ तांबोळी.' नवी फाईल तयार करून जुनीच्या जागी, जुन्याच नावाने ठेवली. जुनी दुसऱ्या डिस्कवर होतीच. धंद्याची शिस्त.

रविवारी सकाळी लाईन आली. ॲपने फाईलचं माप आणि तारीख पाहिली आणि सांगितलं, ही ती फाईल नाही. पहिल्यापासून पाठवा.

"अहो, फक्त शेवट बदललाय ना? मग शेवटच पाठवा," मी म्हटलं.

"त्याला ते कळत नाही. त्याच्या लेखी ही वेगळी फाईल. फसवून पाठवली तर अर्धी जुनी, अर्धी नवी. ठसा जुळणार नाही, तिकडे उघडणारही नाही." पहिल्यापासून पाठवायला आमच्या वायरवर वेळ नव्हता. मुदतीनंतर फाईल बदलता येत नाही, हे महोत्सवाच्या नियमांत स्पष्ट होतं.

मी म्हणाले, निदान संस्कृतीला विचारा. फोन लागला नाही. मग त्यांनी नवी फाईल बाजूला सरकवली आणि डिस्कवरची जुनी, तारीखही न बदललेली, तिच्या जागी आणून ठेवली. ॲपने ओळखली. तिकडच्या मशीनला विचारलं, आणि शनिवारी जिथे थांबलं होतं तिथून आकडा पुढे सरकायला लागला.

मला फार राग आला. ट्रॉलीचा, वायरचा, महोत्सवाचा, आणि खरं सांगायचं तर दादामियाँचा. भांडायला तरी हवं होतं माणसाने.

मुदतीच्या थोडं आधी ठसा जुळला. सिनेमा पोचला.

संध्याकाळी संस्कृतीचा फोन आला. स्पीकरवर होता, तिच्याकडे वारा असावा, ओरडून बोलत होती. "काका, पोचला! यू आर द बेस्ट! ऐका ना, टायटल्समध्ये सगळ्यांची नावं आलीयेत ना? कुणाचं राहिलं तर मला फार वाईट वाटेल हं."

मी पुढे झाले. दादामियाँनी हात वर करून मला थांबवलं.

"आली गं सगळ्यांची," ते म्हणाले. "कुणाचं राहिलं नाही."