मागची नळी

बुलढाण्याच्या क्लबात पोहण्याचा हौद होता आणि त्याचं पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. सोप्या भाषेत सांगतो. काचेच्या एका नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तेवढा पिवळा रंग चढतो. दुसऱ्या नळीतल्या थेंबांनी पाण्याचा आम्ल-अल्कलीपणा कळतो. तिचा रंग पिवळ्यापासून लालपर्यंत जातो. या नळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ठरावीक रंगांच्या नळ्यांशेजारी उभ्या करायच्या आणि उजेडाकडे धरून जुळवायच्या. ठोकळ्यात मागेही भोकं असतात. पाण्याला स्वतःचा रंग असला, तर ठरावीक रंगाच्या नळीमागे थेंब न टाकलेल्या त्याच पाण्याची नळी ठेवायची, म्हणजे तो रंग दोन्हीकडे सारखा होतो.

हौदात यायचं ते आमच्या विहिरीचं पाणी नितळ होतं. मागची भोकं रिकामी ठेवायची मला सवयच लागली.

पावसाळ्यात विहीर गढूळ झाली. तुरटी फिरवली, गाळ बसला, तरी पाणी फिक्या चहासारखं राहिलं. थेंब टाकले, नळी छान पिवळी दिसली. दुसऱ्या नळीतला रंग खरं तर लाल होता, पण तोही पाण्याच्या पिवळटपणात मिसळून नारिंगी दिसला, म्हणजे जिथे असावा तिथेच. मी खूश झालो.

पंपावर अमडापूरचे मिस्त्री होते. माझ्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना चाचा म्हणत असे. ब्लिचिंग पावडरची बादली घेऊन त्यांनी विचारलं, "बोला बाबूसाहेब, टाकू का?"

"नको चाचा. क्लोरीन भरपूर आहे. आणखी टाकलं तर साहेबलोक डोळे चोळत माझ्या नावानं ओरडतील."

"मंग नाही टाकत. तुमच्या शिशीनं नाही म्हटलं तं मी कोन सांगनारा? शिशीले पगार देत नाहीत, म्हनून खरं बोलत असन!"

दोघंही हसलो. त्यानंतर कित्येक दिवस पाण्यात पावडर पडली नाही. पाऊस चालूच होता आणि लोक पोहतच होते.

आधी कुणाचे कान दुखले. मग ताप सुरू झाले. ओव्हरसियरच्या तरुण बायकोचा ताप उतरेना. डॉक्टर स्वतः हौदावर आले, माझाच ठोकळा घेतला आणि ठरावीक रंगाच्या नळीमागे थेंब न टाकलेल्या हौदाच्याच पाण्याची नळी ठेवली. आमची नळी जुळली ती सगळ्यात बिनरंगी नळीशी. क्लोरीन नव्हतंच.

त्याच आठवड्यात ती बाई गेली.

कमिटीपुढे मिस्त्री म्हणाले, "पावडर टाकू का, मी पुसलं होतं. बाबूसाहेबांनी नको म्हटलं."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी टाका म्हटलं होतं. यांनी आळस केला."

चाचा मोठ्यानं बोलले नाहीत. "काऊन बे?" एवढंच म्हणाले. त्यांनी मला कधीच 'बे' म्हटलं नव्हतं.

त्यांना काढलं. अमडापुरात त्यांच्या घराला लोक 'बाई मारणाऱ्याचं घर' म्हणत, हे मी पुढे ऐकलं आणि तरी गप्प राहिलो. त्यांची नातवंडं आजही तिथे आहेत. त्यांच्यासाठी लिहितो: तुमच्या आजोबांनी विचारलं होतं. नको मी म्हटलं होतं.