मधोमध ठेवलेला कागद

मामांना राग यायला कारण लागत नाही, असं कॉलेजात सगळे म्हणायचे. साफ खोटं. कारण लागायचं, फक्त ते बारीक असायचं. कुणी ट्यूनिंग फोर्क रबराच्या ठोकळ्यावर न आपटता टेबलाच्या कडेवर आपटला, कुणी वजनं तारेला टांगून तशीच सोडून घरी गेलं, की मामांचं डोकं फिरलंच. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई. मुलं मामा म्हणायची, प्राध्यापक "अहो" म्हणायचे, आणि विभागप्रमुख मॅडम गरज पडली तरच बोलायच्या.

खिडकीजवळच्या टेबलांवरचे सोनोमीटर हा त्यांचा खास जीव. सोनोमीटर म्हणजे लांबट पोकळ लाकडी पेटी. तिच्यावर ताणलेली एक तार, तारेच्या टोकाला वजनं, आणि तारेखाली सरकवता येणाऱ्या दोन लाकडी पाचरी. पाचरींमधली तार तेवढी वाजणार, बाकीची नाही. फोर्क, म्हणजे ठरावीक सूर देणारा पोलादी चिमटा, वाजवून त्याचा दांडा पेटीवर टेकवायचा आणि पाचरी सरकवत जायचं. तारेचा सूर फोर्काशी जुळला की तार आपोआप थरथरायला लागते, आणि तिच्यावर घडी घालून ठेवलेला कागदाचा चिमुकला तुकडा टुणकन उडतो. कागद उडाला की लांबी मोजायची. तारा मामा स्वतः बदलायचे, गंजलेली तार दिसली की शिव्या देत. कागदही तेच कापायचे, जुन्या उत्तरपत्रिकांचे.

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ, आणि घड्याळाकडे दर दोन मिनिटांनी नजर. चाळीस मुलं, एक दिवस. मामा भिंतीला टेकून उभे होते. परीक्षेत शिपायाने तोंड उघडायचं नाही, हा नियम. मदत केली असं व्हायला नको म्हणून.

चौथ्या टेबलावर एक मुलगी होती. सडपातळ, केसांना घट्ट वेणी, आवाज इतका बारीक की मामा तिला मनातल्या मनात मुंगी म्हणायचे. वर्षभर इमानेइतबारे येणारी, वजनं जागच्या जागी ठेवणारी, म्हणून मामांच्या लेखी राणी. तिने वहीत लांबी लिहिली होती, ४८.६ सेंटिमीटर.

परीक्षकांनी वही उचलली, कॅल्क्युलेटर दाबला आणि भुवया वर गेल्या.

"फोर्क किती कंपनांचा आहे?"

"दोनशे छप्पन्न, सर."

"आणि तुझ्या लांबीवरून तारेची येतात एकशे अठ्ठावीस. बरोबर निम्मी. आकडा कुठून आणलास?"

"सर, कागद उडाला. खरंच उडाला."

"दाखव."

तिने फोर्क वाजवला, दांडा एका पाचरीजवळ पेटीवर टेकवला. परीक्षकांनी स्वतः कागदाची घडी घेतली आणि तारेच्या मधोमध ठेवली. कागद ढिम्म हलला नाही. पुन्हा वाजवला. कागद तिथेच, पेन्शनर बाकावर बसल्यासारखा.

"मघाशी उडाला होता सर. मघाशी तो थोडा इकडे सरकला होता..."

"कागद मधेच ठेवायचा असतो. इथे काय लिहिलंय?" परीक्षकांनी भिंतीवरच्या कार्डाकडे बोट केलं. काळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात: कागद नेहमी तारेच्या मधोमध ठेवावा. "नोंद बनावट. तसं लिहावं लागेल. पुढच्या वर्षी या."

त्यांनी वहीत 'बनावट' असं लिहिलं. मुलगी रडली नाही. तिने फक्त टेबलाची कड धरली.

मामांच्या कानशिलातली शीर उडायला लागली. कारण कार्डावरचं अक्षर त्यांचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला, काही कळत नव्हतं तेव्हा, त्यावेळच्या विभागप्रमुखांनी सांगितलं आणि मामांनी अक्षर चांगलं म्हणून मोठ्या कौतुकाने लिहून चिकटवलं. आणि दुसरं कारण त्याहून वाईट. हे असंच्या असं मामांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. सोळा वर्षांपूर्वी, याच टेबलावर, एक उंच मुलगा. त्याचीही लांबी दुप्पट आली होती, तोही "उडाला होता सर" म्हणत होता, त्यालाही खोटारडा ठरवलं होतं. मामांना तेव्हाही ठाऊक होतं. आणि मामा भिंतीला टेकून उभे राहिले होते, नियमाप्रमाणे, तोंडात मिठाची गुळणी धरून.

"पाव तारेवर ठेवा," मामा म्हणाले.

परीक्षक गर्रकन वळले.

"काय म्हणालात?"

"कागद हो! पाव तारेवर ठेवा म्हणतोय. मधे नाही."

"तुम्ही शिपाई आहात ना? परीक्षा चालू आहे."

"शिपाई आहे म्हणून तर एकतीस वर्षं ही तार मीच ताणतोय! तुम्ही फोर्क शेवटचा कधी हातात धरला होता?"

विभागप्रमुख मॅडम धावत आल्या. "मामा, काय हे? बाहेर व्हा."

"होतो. हे बघा आणि मग हाकला." मामा टेबलापाशी पोचले होते. पाचरींना त्यांनी बोटही लावलं नाही, उगाच नंतर कुणी म्हणायला नको. खिशातून तीन कागद काढले. एक लांबीच्या पाव भागावर, एक मधोमध, एक पाऊण भागावर. "बाळ, वाजव. आणि घाबरू नकोस, तू काही चोरी केलेली नाहीस."

मुंगीने फोर्क वाजवला आणि टेकवला. पाव भागावरचा कागद उडाला. पाऊण भागावरचाही उडाला. मधला तसाच बसून राहिला.

"दिसलं?" मामांचा आवाज चढला. "तारेची दोन्ही टोकं पाचरींवर बांधलेली. टोकं हलणार नाहीत, म्हणजे हलणारच नाहीत. मग मधे मावणार ते थरथरणाऱ्या तारेचे पुरते फुगेच. एक, दोन, तीन. अर्धा फुगा मावत नाही. या ताणाला आणि या फोर्काला एक फुगा चोवीस पूर्णांक तीनचा. हिने पाचरी लांब ठेवून सुरुवात केली, तिला दोन फुगे सापडले. दोन फुग्यांच्या सांध्यावर तार हलतच नाही, तिथे कागद कशाला उडेल? उगाच?"

"ते निस्पंद आणि प्रस्पंद मला माहीत आहेत," परीक्षक म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता.

"माहीत आहेत ना? मग निस्पंदावर, त्या न हलणाऱ्या सांध्यावर, कागद ठेवून पोरीला खोटारडी का म्हणालात?"

मामांना थांबवणं आता कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "बाळ, पाचर लांब ने. बहात्तर पूर्णांक नऊवर." मुलीने सरकवली. मामांनी पाच कागद ठेवले, सहा सारख्या भागांच्या खुणांवर. फोर्क टेकला. पहिला, तिसरा आणि पाचवा उडाला. दुसरा आणि चौथा बसून राहिला. "तीन फुगे. आता बघा, मधला उडाला! म्हणजे मधोमध ठेवायचा की नाही, हे फुगे किती त्यावर ठरतं. एक फुगा, तीन फुगे, मधे उडेल. दोन फुगे, मधे मेलं तरी उडणार नाही."

परीक्षक खुर्चीत बसले. वही पुढे ओढली. "एकशे अठ्ठावीस हा तारेचा मूळ सूर," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि ती वाजली दुसऱ्या हार्मोनिकमध्ये. मूळच्या दुप्पट. दोनशे छप्पन्न." मग मुलीला म्हणाले, "सूत्राला दोनने गुण. दोन फुगे म्हणून." तिने गुणलं. उत्तर चोख आलं. त्यांनी बनावट हा शब्द खोडला, इतका गिरवून की कागद फाटला. माफी मात्र मागितली नाही.

मामांवर लेखी ठपका आला. परीक्षेत हस्तक्षेप. मॅडमनी सही करायला पुढे केला, मामांनी सही केली, टपोरी, कार्डावरच्यासारखीच. मग प्रयोगशाळेत जाऊन ते कार्ड ओरबाडून काढलं आणि त्याचे चार तुकडे केले. राग गेला नाही. परीक्षकावरचा होता तो केव्हाच उतरला होता. उरला होता तो दुसराच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नवं कार्ड लिहिलं. आधी तारेवर फुगे किती ते ओळखा. एक असेल तर कागद मधे. दोन असतील तर पाव आणि पाऊण भागावर. कागद बसून राहिला तर तो आधी सरकवून पाहा, मगच निकाल द्या. लॅमिनेशन करायला ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. जवळ दुसरं दुकान होतं, तरी तिथेच गेले.

दुकानदार उंच होता. कानशिलावर केस पांढरे. मामांकडे त्याने रोजच्यासारखं पाहिलं, कार्ड घेतलं, मशीनमध्ये सरकवण्याआधी सवयीने शाई वाळलीय का बघायला लागला. आणि वाचत राहिला. मशीन गरम होऊन दिवा लागला, तरी तो वाचत होता.

"हे कधी कळलं तुम्हाला, मामा?"

कालच कळलं, असं खोटं सांगायचं मामांनी ठरवलं होतं. रस्ताभर तेच घोकत आले होते, पण तोंडातून खरं निघालं. "आधीपासून ठाऊक होतं."

"मी होतो तेव्हाही?"

"तेव्हाही."

"तुम्ही भिंतीपाशी उभे होतात. मी तुमच्याकडेच बघत होतो."

"माहीत आहे."

मामा वाट बघत उभे राहिले. त्याने शिव्या द्याव्यात, कार्ड तोंडावर फेकावं, काहीतरी करावं. मनातून त्यासाठीच तर ते आले होते. पण त्याने कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, कडा जुळवल्या आणि मशीनमध्ये सरकवलं. दुसऱ्या बाजूने ते गरम, चकचकीत बाहेर आलं. त्याने कात्रीने चारी कोपरे गोल कापले, मुलांच्या हाताला टोचू नयेत म्हणून कापतात तसे.

"घरी वडिलांना सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "कागद उडाला होता म्हणून. ते म्हणाले, मास्तर कशाला खोटं बोलतील? वडील वारले गेल्या वर्षी."

त्याने कार्ड मामांच्या हातात दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, किती प्रती हव्यात.