जावेची हाक
अंगणवाडीत नर्सबाई लस द्यायला आल्या, तेव्हा माझी मुलगी आणि जावेचा मुलगा दोघंही नऊ महिन्यांचे झाले होते. मुलीला जरा सर्दी होती. "सर्दीनं काही होत नाही, आणा तिला," असा नर्सबाईंनी दोनदा निरोप धाडला. मी नेलं नाही. जाऊ मुलाला घेऊन गेली. सुई टोचल्यावर तो किंचाळला ते घरापर्यंत ऐकू आलं, तेव्हा माझी सुटली म्हणून मला बरं वाटलं.

पुढच्या वर्षी गावात गोवर आला. जावेचा मुलगा ओसरीवर खेळत राहिला. माझ्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. "बाई आल्यात, देवीचं हाय हे, दवाखान्यात न्यायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. घरात फोडणी बंद झाली, उशाला कडुलिंबाचा पाला आला. पुरळ गेलं. नंतर तिच्या पाठीमागं पितळी परात पडली आणि तिनं मान वळवली नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गोवरानं कानाची नस गेली.

पुढं धाकटा मुलगा झाला, त्याच्या लसीच्या वेळी नर्सबाईंच्या आधी मी अंगणवाडीच्या पायरीवर जाऊन बसले.

जावेनं माझं काही वाईट केलं नव्हतं, तेच मला सोसत नव्हतं. मुलं मोठी झाल्यावर संध्याकाळी ती ओट्यावरून मुलाला हाक मारायची आणि कांद्याच्या रानातून त्याचं "आलो गं" यायचं. मी बांधापर्यंत जाऊन मुलीच्या खांद्यावर हात ठेवायची.

जावेला ते कळलं असावं. हाक सोडून तीही बांधावर चालत येऊ लागली. त्याचा मला जास्त राग आला. तिला हाक मारता येत होती ना.