गुंतवणूक ‘तेवढीच’ घटते

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवतो. शिकवतो म्हणजे नोट्स सांगतो. पोरं खाली माना घालून उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात, मी तेच तपासतो. कुणाला काही तकलीफ न्हाई.

त्या नोट्समध्ये आयएस-एलएमवर, म्हणजे वस्तूंच्या आणि पैशाच्या बाजाराच्या दोन रेषांवर, एक वाक्य आहे. ‘सरकारने कर्ज काढून खर्च वाढवला की व्याजदर वाढतो, खाजगी गुंतवणूक तेवढीच घटते, उत्पन्न आहे तिथेच राहते, मध्यवर्ती बँकेने पैसा वाढवूनही उपयोग होत नाही.’ याला क्राउडिंग आउट म्हणतात. उदाहरण मी एस.टी.चं देतो. सीटवर जाड माणूस येऊन बसला की कडेचा उठतो. यावर दरसाल दोघंतिघं हसतात.

यंदा साखऱ्याहून येणारी एक पोरगी उभी राहिली. पुढच्या वर्षी मुख्य विषय अर्थशास्त्र घ्यायचा की मराठी, हे तिला ठरवायचं होतं. फॉर्म आठवड्याभरात ऑफिसात द्यायचा होता. ‘हा धडा कळला तर अर्थशास्त्रच, सर,’ असं तिनं मला आधीच सांगितलं होतं.

“सर, फळ्यावर तर उत्पन्न वाढलेलं दिसून राहिलं.”

मी वळून पाहिलं. आयएस उजवीकडं सरकवलेली, एलएम तिरपी वर चढलेली. दोघी भेटल्या तिथं व्याजदर वर गेला होता, आणि उत्पन्नबी पुढं गेलं होतं. आकृती माझ्याच हातची.

“आणि एस.टी.त कडेचा उठत न्हाई सर, थोडा सरकतो. मागून दुसरी गाडी सोडली तर सरकायलाबी लागत न्हाई.”

सगळा वर्ग हसला. माझ्या विनोदाला एवढा कधी हसला नव्हता. माझं टाळकं सणकलं.

“लई शाणी झालीस का? खाली बस. नोट्समध्ये हाय तेच लिहायचं.”

“व्हय सर,” म्हणून ती बसली.

घरी जाऊन पुस्तक उघडलं. पोरगी बराबर होती. सरकारी खर्चानं उत्पन्न वाढतं, त्यामुळं लोकांना व्यवहाराला जास्त पैसा लागतो. पैसा आहे तेवढाच, म्हणून व्याजदर चढतो आणि काही गुंतवणूक मागं हटते. सगळी न्हाई, काही. सगळी हटते ती एलएम सरळ उभी असेल तेव्हा, म्हणजे पैशाची मागणी व्याजदराला अजिबात दाद देत नसेल तेव्हा. आणि मध्यवर्ती बँकेनं पुरेसा पैसा सोडला तर एलएमबी उजवीकडं सरकते, व्याजदर जुन्या जागी राहतो, गुंतवणुकीला धक्का लागत न्हाई. हीच ती दुसरी गाडी. मात्र कारखाने, माणसं रिकामी असतील तरच. सगळे आधीच कामाला जुंपलेले असतील तर भाव वाढतात, पैशाची खरी किंमत घटते आणि एलएम मुकाट्यानं मागं येते.

नोट्स माझ्या सरांनी सांगितलेल्या. ‘एलएम उभी असेल तर’, ‘सगळे कामाला जुंपलेले असतील तर’ हे त्यांनी म्हटलं असणार. मीच त्या दिवशी उशिरा पोचलो असेन.

वर्गात मी काही बोललो न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवसांवर चाचणी होती. ती बराबर लिहील, मी गुपचूप पैकीच्या पैकी देईन, मिटलं.

चाचणीत तिनं माझं वाक्य शब्दाला शब्द लिहिलं होतं. ‘तेवढीच’ खाली रेघसुद्धा मारली होती. आकृतीत मात्र कागद खोडरबरानं पातळ झाला होता. पुढं गेलेलं उत्पन्न आधी काढलेलं, मग पुसलेलं. खूण तरीही दिसत होती. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि सांगून टाकलं, “ते वाक्य चूक आहे. मी चुकीचं शिकवलं. हिचं बराबर होतं.”

पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, मग परीक्षेत कोणतं लिहायचं?”

मी तिच्या बाकाजवळ गेलो आणि वही मागितली. ती देईना. “राहू द्या ना, सर.” मी घेतलीच. सुरेख आकृती होती. आयएस सरकलेली, मग एलएम सरकलेली, व्याजदर जागच्या जागी. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मला हे बरोबर वाटलं होतं. म्हणजे मला अर्थशास्त्र कळत नाही.’

“फॉर्म दिलास का?” मी विचारलं.

“कालच दिला, सर,” ती म्हणाली. “मराठीचा.”