उतरलेला खांदा

फोटोतून पुसायचा हात कुणाचा आहे, हे स्टुडिओतला रिटचर कधी विचारत नसे. विचारलं की लोक रामायण सांगत बसतात.

म्हातारीने आणलेला फोटो कात्रीने कापलेला होता. शेजारचं माणूस कात्रीत गेलं होतं. नवऱ्याच्या डाव्या खांद्यावरचा हात तेवढा उरला होता. तो काढून भिंतीवर लावण्याजोगा फोटो तिला हवा होता.

रिटचरने उजवा खांदा नि दंड उचलला, उलटा फिरवून डावीकडे बसवला, शर्टाच्या रेघा जुळवल्या. उजेड उजवीकडून होता, म्हणून नव्या बाहीवर सावली चढवली. बोटांची पडछाया पुसली. काम चोख झालं, असं त्याला वाटलं.

म्हातारीने स्क्रीनकडे पाहिलं. "खांदे सारखे झाले की. तीस वर्षं टपालाची थैली वाहिली त्यांनी. डावा उतरला होता."

"किती?" त्याने जरा घुश्शातच विचारलं.

शेजारी कुणी उभं असावं, तसा तिने हात उचलून हवेत टेकवला. "इथपर्यंत."

रिटचरने त्या हाताकडे पाहिलं. करंगळी जराशी वाकडी होती. सकाळभर त्याने हीच करंगळी पुसली होती.