उम्म उसैदची ऑर्डर

आमच्या खालच्या मजल्यावरची इब्तिहाल अश्रफिया भागातल्या एका मिठाईच्या दुकानात ऑर्डरींचे ईमेल पाठवते. जिन्नस, किंमत, पोचवायची तारीख. आणि खाली ठरलेल्या दोन ओळी: बदल हवा असेल तर आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत याच ईमेलला उत्तर द्या. तुमच्या घरी गोडवा नांदो. चुलीवर दूध उतू गेलं तरी ती आधी पाठवलेला ईमेल पुन्हा वाचेल, अशी बाई.

गेल्या हिवाळ्यात उम्म उसैदनं चीज भरलेल्या पाकातल्या कुनाफ्याचे दोन थाळे आणि मामूल ही पिस्ते भरलेली बिस्किटं मागवली. मुलगा उसैद मूत्रपिंडाच्या आजारानं इस्पितळात होता. तो घरी येईल त्या दिवशी शेजाऱ्यांना वाटायचं होतं. “पिस्ते सढळ घाला, आमच्या पोराची नजर मोठी आहे,” असं तिनं लिहिलं होतं.

डॉक्टरांनी सुटी पुढे ढकलली की ती वेळेत उत्तर द्यायची, आणि इब्तिहाल नव्या तारखेचा ईमेल पाठवायची.

“ही बाई कुनाफा खाणार आहे की नुसती तारखाच?” मालक अबू मुअतसिम कुरकुरला.

“काका, तारीख बदलते आहे म्हणजे पोरगा आहे,” इब्तिहाल म्हणाली. “बदलू द्या.”

शेवटची तारीख गुरुवारची होती. बुधवारी बारा वाजून गेले, उत्तर आलं नाही. इब्तिहाल हसून म्हणाली, “येतोय बघा उद्या,” आणि कारागिरांनी मामूल भट्टीत घातलं.

उत्तर दुपारी उशिरा आलं. तारीख तीच ठेवा. गोड काही नको. सुके खजूर आणि वेलची घातलेली, बिनसाखरेच्या कॉफीची पूड पाठवा. सकाळी लवकर.

इब्तिहालनं स्क्रीन मालकाकडे वळवली. आमच्याकडे कडू कॉफी आणि खजूर दुखवट्याच्या बैठकीत फिरतात, ते कुणाला सांगावं लागत नाही.

“वेळ उलटून गेली होती,” ती हळूच म्हणाली. “नियमानं बदल होत नाही.”

“नियम गेला खड्ड्यात,” अबू मुअतसिम म्हणाला. “मामूल काउंटरवर मांड. कॉफी शेजारून दळून आण. आणि तो गोडव्याचा मजकूर काढ, पोरी, लक्षात ठेव.”

तिनं नवा ईमेल लिहिला. खजूर, कॉफी, नवी किंमत, गुरुवार. गोडव्याची ओळ पुसली, पुन्हा पाहिलं, पाठवला. मग सवयीनं परत वाचायला घेतला, तर वरची ओळ तशीच होती: बदल हवा असेल तर उत्तर द्या.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा गार झाला तरी तिनं पेल्याला हात लावला नाही. फोन माझ्यापुढे सरकवला. उम्म उसैदचं उत्तर आलं होतं.

“नाही पोरी, आता तारीख बदलायची नाही. वेळेवर पाठव.”